थिअरीतून बॅटरीच्या लॅबला अर्ज करताना

प्रश्न: पवईत राहते. पीएचडी पूर्ण डीएफटीवर, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या गणनांवर; विषय सोडियम-आयन कॅथोड. आता प्रयोग करणाऱ्या ग्रुपकडे पोस्टडॉकसाठी अर्ज करतेय, पण हाताने एकही सेल बांधलेला नाही. कव्हर लेटरमध्ये हे सांगू की गाळू?

उत्तर:

सांगा, पण तिसऱ्या परिच्छेदात. पहिल्या ओळीतच माफी मागायला सुरुवात केलीत तर पुढचं कोणी वाचत नाही.

मीही याच वाटेने आलो. माझं पहिलं पत्र मी सहा ठिकाणी पाठवलं आणि एकाही ठिकाणाहून उत्तर आलं नाही. मग मुलुंडच्या एका सीनियरला ते दाखवलं. चहा संपेपर्यंत त्याने वाचून काढलं आणि विचारलं, "अरे, यात बॅटरी कुठाय?" खरंच नव्हती. 'मी लवकर शिकतो', 'मला प्रयोगांची आवड आहे', आणि खाली सॉफ्टवेअरची यादी. त्यात 'खरं विज्ञान प्रयोगातच असतं हे मला उमगलं' असंही एक वाक्य होतं. त्याने पेनाने एवढी जोरात काट मारली की कागद फाटला.

प्राध्यापकाची भीती साधी असते. जागा एक-दोन वर्षांची. त्यातले सहा महिने तुम्हाला ग्लोव्हबॉक्स शिकवण्यात जाणार, आणि नंतर तुम्ही पुन्हा कॉम्प्युटरसमोर जाऊन बसलात तर? याचं उत्तर आश्वासनाने देता येत नाही. तुमच्या गणनेतला असा एक प्रश्न द्यावा लागतो, जो गणनेने सुटणार नाही आणि त्यांच्या लॅबमध्ये सुटू शकेल.

एक उदाहरण घेतो, तुमच्या जवळचंच. Na2/3Ni1/3Mn2/3O2 हा पी-टू रचनेचा कॅथोड. चार्ज करताना साधारण ४.२ व्होल्टला ऑक्साइडचे थर एकमेकांवरून सरकतात, आकारमान आक्रसतं, आणि काही सायकलींनंतर कण तडकायला लागतात. निकेलच्या जागी थोडं मॅग्नेशियम घातलं की हे सरकणं कमी होतं. मॅग्नेशियमचं ऑक्सिडीकरण होत नाही, त्यामुळे काही सोडियम आतच राहतं आणि थरांना खांबासारखं धरून ठेवतं. थर सरकल्याने ऊर्जेत किती फायदा होतो, ते डीएफटीतून काढता येतं. थिअरीवाल्यांची पत्रं बहुतेक इथेच थांबतात.

प्रयोग करणारा लगेच विचारेल, 'टिकाऊपणा मॅग्नेशियममुळे आला, की सोडियम कमी काढलं म्हणून आला?' आकडे पाहा. फक्त निकेलचं ऑक्सिडीकरण होतं असं धरलं, तर मूळ पदार्थाची सैद्धांतिक क्षमता ग्रॅममागे १७३ मिलिअँपिअर-तास येते. सूत्रातल्या १/३ निकेलपैकी ०.१ मॅग्नेशियमला दिलं की ती सुमारे १२५ वर उतरते. म्हणजे तिसऱ्या सेलची गरज आहे: मूळ पदार्थच, पण ४.१ व्होल्टला थांबवलेला. थर सरकायच्या आधीच थांबल्याने तोही जास्त टिकेल, पण क्षमता ८६ च्या आसपासच मिळेल. मॅग्नेशियमवाला सेल ८६ च्या वर जाऊनही तेवढाच टिकला, तर मॅग्नेशियमला श्रेय देता येईल. नाही टिकला, तर नुसती व्होल्टेजची मर्यादा खाली आणूनही काम भागलं असतं.

हा तिसरा सेल पत्रात आला की वाचणाऱ्याला कळतं, तुम्ही प्रयोगाच्या बाजूने विचार करता. तो परिच्छेद साधारण असा लिहा (पत्र इंग्रजीत जाणार, भाषांतर तुम्ही कराच):

> "माझ्या गणनेनुसार मॅग्नेशियममुळे थर सरकण्याची प्रवृत्ती कमी होते. पण ती गणना शून्य केल्विनला, सुबक मांडणीच्या छोट्या स्फटिकावर केलेली आहे. खऱ्या चूर्णात मॅग्नेशियम सारखं पसरलं आहे का, आणि टिकाऊपणा त्याच्यामुळे आहे की कमी सोडियम काढल्यामुळे, हे तिच्यातून ठरत नाही. तुमच्याकडे चार्ज होत असताना एक्स-रे विवर्तन घेण्याची सोय आहे. मूळ पदार्थ ४.१ आणि ४.३ व्होल्टपर्यंत, आणि मॅग्नेशियमवाला ४.३ पर्यंत, अशी तुलना करून मला हे तपासायचं आहे."

'तुमच्याकडे सोय आहे' हे त्यांच्या गेल्या दोन-तीन पेपरांत पाहूनच लिहा. नसलेलं यंत्र पत्रात आलं, तर पत्र तिथेच संपलं.

आता हातांबद्दल. अर्ज करायच्या आधी ओळखीतल्या कुठल्यातरी लॅबमध्ये दोन-तीन आठवडे बसा. पवईपासून कुलाब्यापर्यंत कोणी ना कोणी ओळखीचं सापडतंच. मी बारा कॉइन सेल बांधले. पहिल्या पाचांचं व्होल्टेज मीटरवर जवळपास शून्य, म्हणजे आत शॉर्ट झालेले. पंच बोथट होता, कापलेल्या चकतीच्या कडेला कंगोरा राहायचा आणि तो सेपरेटरमधून आरपार जायचा. पुढच्या पत्रात मी हे जसंच्या तसं लिहिलं. मुलाखतीत पहिला प्रश्न त्यावरच आला.

वजनाचा हिशोबही लिहा; इथे थिअरीचा माणूस उठून दिसतो. १२ मिलिमीटरच्या चकतीत १५ मायक्रॉनची ॲल्युमिनियम फॉइल एकटीच ४.६ मिलिग्रॅमची असते. पूर्ण चकती ७.४ भरली, तर लेप २.८, आणि त्यातला ८० टक्के सक्रिय पदार्थ म्हणजे २.२४ मिलिग्रॅम. काटा ०.१ मिलिग्रॅमने चुकला तर क्षमता साडेतीन टक्क्यांनी चुकते. म्हणून एकेका सेलवरून 'तीन टक्के सुधारणा' जाहीर करता येत नाही. कोऱ्या फॉइलच्या दहा चकत्या तोलून सरासरी घ्यायची आणि प्रत्येक पदार्थाचे निदान तीन सेल करायचे.

यानंतर, आणि इथेच, काय येत नाही ते दोन वाक्यांत लिहून मोकळं व्हा: भट्टीत पदार्थ बनवलेला नाही, सोडियम धातू देखरेखीशिवाय हाताळलेला नाही. लगेच पहिल्या दोन महिन्यांचा बेत द्या. पहिल्या महिन्यात नवीन काही करायचं नाही, ग्रुपचाच जुना नमुना घेऊन त्यांचाच वक्र पुन्हा मिळवायचा. दुसऱ्या महिन्यात दोन्ही पदार्थ स्वतः बनवायचे. इथे एक बारकावा टाकता येतो. सोडियम कार्बोनेट ओल शोषतं, मुंबईच्या जुलैत तर विचारूच नका. न वाळवता तोललंत तर सोडियम कमी पडतं आणि रचना बिघडते. शिवाय तयार चूर्ण हवेत राहिलं की पृष्ठभागावर अल्कली जमते, ती पीव्हीडीएफ बाइंडरवर हल्ला करते आणि स्लरी खरवसासारखी थिजते. मी ते एकदा बीकर उलटा करून पाहिलंय, थेंब पडला नाही.

सगळं एका पानात बसवा. डीएफटी पेपरांची यादी सीव्हीत असतेच, पत्रात फक्त वरच्या प्रश्नाला जोडलेला एक पेपर घ्या. आणि तीन शिफारशींपैकी एक तरी प्रयोग करणाऱ्याची असू द्या. तुमच्या गाइडपेक्षा, ज्यांच्या लॅबमध्ये तुम्ही सेल बिघडवले त्या सरांचं किंवा मॅडमचं पत्र इथे जास्त उपयोगी पडेल.