बोट ‘जप्त’ केली की ‘अटकावली’?

*आंतरराष्ट्रीय कायद्याच्या पेपरात प्रश्न होता: ‘क’ देशाच्या किनाऱ्यापासून १४० सागरी मैलांवर ‘ख’ देशाची बोट विनापरवाना मासे धरताना सापडली. ‘क’च्या तटरक्षकांनी ती बंदरात आणली. चाळीस दिवस जामिनाची रक्कम ठरवली नाही, ‘ख’ला कळवलंही नाही. मग कोर्टाने कप्तानाला दोन वर्षांची कैद दिली आणि बोट कायमची काढून घेतली. अपील चालू आहे. ‘ख’ला सल्ला द्या. मी दोन्ही ठिकाणी ‘बोट जप्त केली’ लिहिलं, सरांनी दोन्हीकडे लाल गोल केला. ‘अटक’ तर माणसाला होते ना? मग लिहायचं काय? — एलएलबीची विद्यार्थिनी, अमळनेर*

पहिल्या ठिकाणी ‘अटकावून ठेवली’ लिहा आणि दुसऱ्या ठिकाणी ‘सरकारजमा केली’. सरांनी गोल केला ते बरोबरच आहे, कारण या प्रश्नाचं निम्मं उत्तर या दोन शब्दांमधल्या अंतरात आहे.

‘जप्त’ हा शब्द आपण फार सैल वापरतो. गिरणेच्या पात्रातून चोरटी वाळू नेणारं ट्रॅक्टर तलाठ्याने धरलं, की गावात बोलतात, ‘ट्रॅक्टर जप्त झालं.’ ते तहसीलच्या आवारात निंबाखाली उभं राहतं, टायरमधली हवा कमी होत जाते, ट्रॉलीतली ओली वाळू वाळून पांढरी पडते. मालक दंड भरतो, बंधपत्र लिहून देतो आणि ट्रॅक्टर घरी नेतो. म्हणजे मालकी त्याचीच होती, फक्त वाट अडवली होती. पण तेच ट्रॅक्टर पुढे सरकारने लिलावात विकलं, तरी आपण म्हणतो ‘जप्त झालं’. मालकी राहिली की गेली, हे या शब्दावरून कळत नाही. बोलताना चालून जातं, कायद्याच्या पेपरात चालत नाही.

‘अटक’ माणसालाच होते, हा समज मात्र सोडा. अटकणे, अटकाव, अटक ही एकाच घरातली माणसं. मूळ अर्थ अडवणं, पुढे जाऊ न देणं. १९८२ च्या संयुक्त राष्ट्रांच्या सागरी कायदा कराराचा अनुच्छेद ७३ किनारी देशाला बोटीवर चढण्याचा, तपासणी करण्याचा, बोट अटकावण्याचा आणि खटला चालवण्याचा अधिकार देतो. तिथे बोटीची ‘अटक’ म्हटलं तरी चूक नाही. मला ‘अटकावून ठेवणे’ जास्त आवडतं, कारण त्यात बोट परत मिळण्याची शक्यता बोलण्यातच शिल्लक राहते. आणि करारालाही तेच हवं आहे: वाजवी जामीन दिला की बोट आणि खलाशी लवकर सोडलेच पाहिजेत.

आता तुमचा प्रश्न या शब्दांनिशी उलगडू. १४० मैल म्हणजे २०० मैलांच्या अनन्य आर्थिक क्षेत्राच्या आत. (काही बातम्यांत याला ‘विशेष आर्थिक क्षेत्र’ म्हणतात. ते नाव कारखान्यांसाठी आखलेल्या जमिनीचं आहे, उत्तरपत्रिकेत टाळा.) या पट्ट्यात किनारी देशाला मासळीवर सार्वभौम ‘हक्क’ असतात, पाण्यावर ‘सार्वभौमत्व’ नसतं. त्यामुळे बोट अटकावली यात ‘क’चं काही चुकलं नाही, आणि ‘ख’ने त्यावर वेळ घालवू नये. चुकलं ते नंतर.

जामीन ठरवलाच नाही, ही पहिली चूक, आणि ‘ख’च्या हातातलं खरं हत्यारही तेच. अनुच्छेद २९२ नुसार बोट अडवल्यापासून दहा दिवसांत कोणत्या न्यायालयात जायचं यावर दोन्ही देशांचं जमलं नाही, तर ध्वजाचा देश, म्हणजे इथे ‘ख’, हॅम्बुर्गच्या सागरी कायदा न्यायाधिकरणाकडे त्वरित सुटकेचा अर्ज करू शकतो. दोन्ही देश कराराचे सदस्य हवेत, एवढं लिहायला विसरू नका. जामीनच ठरवला नसेल तर ‘आधी पैसे भरा, मग या’ असं ‘ख’ला म्हणता येत नाही. १९९७ च्या ‘सायगा’ खटल्यात ते स्पष्ट झालं. न्यायाधिकरण चोरी झाली की नाही हे बघत नाही, फक्त सुटका आणि तिची रक्कम बघतं. बोट सुटली तरी ‘क’च्या कोर्टातला खटला चालू राहतो.

‘जप्त’ लिहिण्याचा तोटा इथे पैशात दिसतो. २००७ मध्ये जपानच्या दोन बोटींचे अर्ज न्यायाधिकरणापुढे होते. दोन्ही रशियाने आपल्या आर्थिक क्षेत्रात धरल्या होत्या आणि दोन्ही निकाल ६ ऑगस्टला लागले. ‘होशिनमारू’साठी रशियाने २ कोटी २० लाख रुबल मागितले होते, न्यायाधिकरणाने ते १ कोटीवर आणून बोट सोडायला सांगितलं. ‘तोमिमारू’ मात्र रशियन कोर्टाने आधीच सरकारजमा केली होती, आणि न्यायाधिकरणात प्रकरण असतानाच रशियाच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शेवटचा शिक्का मारला. न्यायाधिकरण म्हणालं, आता या अर्जाला विषयच उरला नाही. एक बोट अटकावलेली होती, दुसरी सरकारजमा झालेली. मराठीत दोन्हींना ‘जप्त’ लिहिलं असतं तर हे दोन निकाल एकमेकांविरुद्ध वाटले असते.

म्हणून तुमच्या प्रश्नातलं ‘अपील चालू आहे’ हे वाक्य उगाच घातलेलं नाही. निकाल अंतिम नाही, तोवर सुटकेला विषय आहे, आणि ‘ख’ने अपिलाचा निकाल लागायच्या आत अर्ज करावा. घाईघाईने बोट सरकारजमा करून त्वरित सुटकेची वाटच बंद करू नये, असंही ‘तोमिमारू’च्या निकालात म्हटलं आहे. ‘क’ तसं करत असेल तर तो मुद्दा ‘ख’ने जरूर उचलावा.

दुसरी जोडी अटक आणि कैद. खलाशांना अटक करता येते. पण ध्वजाच्या देशाशी वेगळा करार नसेल, तर मासेमारीच्या नियमभंगासाठी या पट्ट्यात कैदेची शिक्षा देता येत नाही, हे अनुच्छेद ७३ मध्येच आहे. आपल्या १९८१ च्या परदेशी मासेमारी नौकांच्या कायद्यातही हा भेद दिसतो: प्रादेशिक समुद्रात विनापरवाना मासेमारीला कैद होऊ शकते, अनन्य आर्थिक क्षेत्रात दंडच. तेव्हा कप्तानाची दोन वर्षं कराराविरुद्ध आहेत. ‘ख’ला न कळवणंही तसंच, कारण करार ध्वजाच्या देशाला ताबडतोब कळवायला सांगतो. मात्र हे दोन मुद्दे २९२ च्या अर्जात टाकून उपयोग नाही. २००० च्या ‘कामूको’ खटल्यात, पनामा विरुद्ध फ्रान्स, न्यायाधिकरणाने कैद आणि कळवण्याच्या तक्रारी त्या अर्जात ऐकायला नकार दिला होता. त्या वेगळ्या, मुख्य वादात मांडाव्या लागतात. बरेच विद्यार्थी सगळं एकाच अर्जात कोंबतात आणि तिथे गुण जातात.

राहिला ‘जामीन’. कोर्टात आपण जामीनदार उभा करतो, तो माणूस असतो. इथे माणूस नको, रक्कम किंवा बँकेची हमी लागते. ‘जामीन’ शब्द ठेवला तरी एकदा ‘रोख किंवा बँक हमीच्या रूपात’ असं लिहा. वाजवी किती, हे ठरवताना गुन्ह्याचं गांभीर्य, होऊ शकणारा दंड, बोटीची आणि पकडलेल्या मासळीची किंमत, आणि अटकावणाऱ्या देशाने मागितलेली रक्कम बघतात. ‘कामूको’मध्ये फ्रान्सने मागितलेले २ कोटी फ्रँक ८० लाखांवर आले ते याच हिशेबाने.

तुमचं वाक्य मी असं लिहीन: ‘बोट अटकावणे वैध होते, परंतु वाजवी जामिनावर ती न सोडणे अवैध, आणि ती सरकारजमा करण्याचा आदेश अंतिम होईपर्यंत त्वरित सुटकेचा अर्ज टिकतो.’