गोवा कदंबांचा मूळपुरुष त्रिलोचन कदंब खरंच होऊन गेला का? शंकराच्या घामातून जन्मल्याची कथा ऐकलीय, एक-दोन कोरीव लेखांत नावही आहे म्हणतात.

माझ्या मते नाही. नाव लेखात आहे एवढ्याने भागत नाही. तो लेख त्या माणसानंतर किती वर्षांनी कोरला, हे आधी बघा. त्रिलोचन उर्फ जयंत आपल्याला भेटतो तो १२व्या शतकाच्या आसपासच्या गोवा कदंबांच्या लेखांत. मूळ कदंब घराणं मात्र ४थ्या शतकातलं, गोवा कदंब ही त्याची नंतरची शाखा. अशा पाच लेखांत तीच वंशावळ आली, तरी साक्षीदार एकच धरायचा, कारण सगळे एकाच दरबारी कथेवरून उतरलेत.

आता जुनी साक्ष घ्या. शिमोगा जिल्ह्यातल्या तालगुंदचा स्तंभलेख ५व्या शतकातला, याच मूळ घराण्याचा. तो मूळ सांगायलाच बसलाय, तरी त्यात त्रिलोचन नाही. आहे तो मयूरशर्मा: कांचीला शिकायला गेलेला ब्राह्मण, पल्लवांच्या घोडेस्वाराशी भांडण, मग हाती शस्त्र. कदंबाचं झाड आहे, पण घराजवळ वाढलेलं. शिवाय चंद्रवळ्ळीला तलावाच्या कामाचा लेख खुद्द मयूरशर्म्याच्या नावाचा आहे. हा माणूस होता, यात मला शंका नाही. अर्थात त्याच्याही नावावर पुढच्या लेखांनी अठरा अश्वमेध चढवले; तालगुंदला त्यांचा पत्ता नाही.

त्या काळात दिव्य पूर्वज जोडायची टूमच होती. कल्याणीच्या चालुक्यांनी तर मूळ ब्रह्मदेवाच्या ओंजळीत नेलं. त्रिलोचन त्याच पंगतीतला. उद्या एखादा ५व्या-६व्या शतकातला ताम्रपट त्याचं नाव घेऊन निघाला, तर मत बदलेन.