लॉट, बॅच आणि खेप

प्रश्न: चटणीच्या पाकिटावर कुठे ‘बॅच नं.’ असतं, कुठे ‘लॉट नं.’. दोन्ही एकच का? आणि मराठीत त्याला ‘खेप’ म्हटलं तर चालेल का?

पाकिटापुरतं पाहिलं तर एकच. एफएसएसएआयच्या २०२० च्या लेबलविषयक नियमांत लॉट, बॅच किंवा कोड यांपैकी कुठलाही क्रमांक चालतो. त्यावरून मालाचा माग लागला पाहिजे. कारखान्यात मात्र बरेच जण आलेल्या कच्च्या मालाला लॉट म्हणतात आणि एका वेळी तयार झालेल्या मालाला बॅच. हा फरक बोलण्यातही जपावा असं मला ठामपणे वाटतं. सदोष माल परत मागवताना सगळं त्यावरच अडतं.

समजा, हडपसरच्या एका कारखान्यात शेंगदाण्याचा २० पोत्यांचा एक लॉट आला. सोमवारच्या बॅचला १२ पोती लागली, उरलेली ८ मंगळवारच्या बॅचमध्ये गेली. मंगळवारच्या चटणीत अफ्लाटॉक्सिन, म्हणजे बुरशीचं विष, मर्यादेपेक्षा जास्त निघालं. ते भाजल्याने पुरतं जात नाही. आता पाकिटावरचा मंगळवारचा नंबर धरून तेवढाच माल परत मागवला, तर त्याच शेंगदाण्यांची सोमवारची चटणी दुकानांत तशीच राहते. सोमवारच्या एका पाकिटाची तपासणी निर्दोष आली तरी निर्धास्त होता येत नाही, कारण हे विष सगळ्या पोत्यांत सारखं पसरलेलं नसतं. मूठभर दाण्यांतही साठलेलं असू शकतं. म्हणून आधी बॅचवरून लॉटपर्यंत मागे जायचं, मग त्या लॉटच्या सगळ्या बॅचेस पुढे शोधायच्या.

वाघोलीच्या गोदामातल्या जावक नोंदीत बॅच नंबर असतो, तिथवर अडचण नाही. पण मार्केट यार्डातल्या डीलरच्या बिलावर नुसतं ‘चटणी २०० ग्रॅम, १० बॉक्स’ असेल तर माग तिथेच तुटतो. मग तारखांचा आधार घ्यावा लागतो: या दोन बॅचेसचा पहिला बॉक्स डीलरकडे आला त्या दिवसापासून शेवटचा बाहेर पडेपर्यंत ज्या दुकानांना चटणी गेली, त्या सगळ्यांना कळवायचं आणि पाकिटांवरचे नंबर तपासायला लावायचे. थप्पीत मागे राहिलेले जुने बॉक्स नंतर निघतात, त्यामुळे हा काळ लांबतो आणि गरज नसलेल्या दुकानांनाही फोन जातात.

‘खेप’ नको म्हणतो ते यासाठीच. खेप वाहतुकीची असते. एकाच टेम्पोत दोन बॅचेस येतात आणि एक बॅच तीन खेपांत विखुरते. तळणाचा ‘घाणा’ अर्थाने जवळचा आहे, पण एका बॅचमध्ये कितीतरी घाणे निघतात. तेव्हा लॉट आणि बॅच तसेच वापरावेत. आणि ‘रिटर्न माल’ हा शब्दही इथे टाळावा. डीलर त्यात मुदत संपलेली, फाटलेली पाकिटंही धरतात. परत मागवलेली पाकिटं वेगळी ठेवून वेगळी मोजली नाहीत, तर बनली किती, परत आली किती आणि लोकांच्या घरी गेली किती, याचा मेळ बसत नाही.