सीटचं काम झालं आणि एअरबॅगचा दिवा विझेना

प्रश्न: पुढच्या दोन्ही सीट काढून नवीन फोम आणि कव्हर बसवून घेतले. गाडी ताब्यात घेतल्यापासून एअरबॅगचा दिवा लागलेलाच आहे. काम करणारे म्हणतात, ‘क्लॉक स्प्रिंग गेलीय, आमचा संबंध नाही.’ दुसरा मेकॅनिक गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेला बिघाडाचा कोड पुसून द्यायला तयार आहे. दुरुस्तीचा खर्च मागता येईल का?

उत्तर: मागता येईल, पण कोड एवढ्यात पुसू देऊ नका. कामानंतर दिवा लागला म्हणून कामामुळेच लागला असं होत नाही. ते तुम्हाला दाखवावं लागेल, आणि कोणतं सर्किट बिघडलं हे त्या कोडवरूनच कळतं. एअरबॅगचं मॉड्यूल, म्हणजे तिचा कॉम्प्युटर, वाचणाऱ्या स्कॅनरवर तपासणी करून घ्या. रिपोर्टवर कोड, त्याचं वर्णन, तारीख, गाडीचा नंबर आणि किलोमीटर असू द्या.

क्लॉक स्प्रिंग म्हणजे स्टीअरिंगच्या आतली गुंडाळलेली वायरची पट्टी, तिथल्या एअरबॅगला आणि बटणांना जोडणारी. ती तुटली तर कोड ड्रायव्हरच्या पुढच्या एअरबॅगचा येतो आणि पुष्कळदा हॉर्न किंवा स्टीअरिंगवरची बटणंही बंद पडतात. सीट काढताना तिला हात लावावा लागत नाही. त्यामुळे कोड त्याच सर्किटचा निघाला, तर स्पष्ट सांगतो, तुमचा दावा टिकणं अवघड आहे.

माझ्या एका अशिलालाही ‘क्लॉक स्प्रिंग गेलीय’ हेच उत्तर मिळालं होतं. हॉर्न मात्र नीट वाजत होता आणि कोड निघाला सीटमधल्या बाजूच्या एअरबॅगचा, रेझिस्टन्स जास्त असल्याचा. आम्ही लेखी कळवून दोन्ही बाजूंसमोर तपासणी ठेवली. मेकॅनिकने इग्निशन बंद केलं, बॅटरी सोडली, काही मिनिटं थांबला आणि मगच सीटखाली हात घातला. एअरबॅगच्या वायरचा पिवळा कनेक्टर आत ढकललेला होता, पण त्याचं लॉक बसलेलं नव्हतं. हात लावण्याआधी फोटो काढला. लॉक बसवून कोड पुसल्यावर दिवा विझला. तो फोटो आणि ‘सीट काढणे-बसवणे’ लिहिलेलं बिल शेजारी ठेवल्यावर समोरच्यांनी स्कॅनचा आणि दुरुस्तीचा खर्च दिला.

तुमच्याकडे फोमही बदललाय, म्हणून शेजारच्या सीटचा सेन्सर विसरू नका. कोण बसलंय हे ओळखणारा हा सेन्सर काही गाड्यांत गादीतच असतो आणि गादी बदलल्यावर तो पुन्हा कॅलिब्रेट करावा लागतो. कोड त्याचा असेल आणि कॅलिब्रेशन न करताच गाडी दिली असेल, तर ती सेवेतली त्रुटी म्हणून मांडता येते. कधी कधी कनेक्टर सुटा असताना कुणी इग्निशन चालू केलं म्हणून नुसता जुना कोड साठून राहतो. तेव्हा मागणी तपासणीच्या आणि कोड पुसण्याच्या खर्चापुरतीच ठेवा.

रिपोर्ट जोडून त्यांना पत्र द्या, एकत्र तपासणीची तारीख कळवा. ते आले नाहीत तर दुरुस्ती करून घ्या, बदललेला भाग मात्र फेकू नका. तोवर शक्यतो गाडी बाहेर काढू नका. दिवा लागलेला असताना धडकेत एअरबॅग उघडेलच याची खात्री नसते.