पाच कामं हातात, थांबवायचं कोणतं?

मॅडम, मी सांगलीत टी. वाय. बी.कॉम.ला आहे. पदवी, जानेवारीत सीए इंटरचे दोन्ही ग्रुप, मराठी टायपिंग ३०, जर्मन ए-२ आणि राज्यसेवेची सुरुवात, असं यंदाचं ठरवलं होतं. ऑक्टोबर उजाडला. पहिला ग्रुप एकदा वाचून झाला, दुसऱ्यात कॉस्टिंग अर्धं आहे आणि एफएमला, म्हणजे फायनान्शियल मॅनेजमेंटला, हातही लावलेला नाही. टायपिंग २५ वर अडकलंय. जर्मन ए-२ चा पहिला भाग संपला, दुसऱ्याची फी भरायची आहे. राज्यसेवेसाठी रोज तासभर पेपर वाचून टिपणं काढते. सगळंच अर्धवट राहील का? काय सोडू?

प्रिय विद्यार्थिनी,

काहीच सोडू नकोस. दोन कामं थांबव आणि एक कापून निम्मं कर. मात्र आधी हाताशी वेळ किती आहे ते बघू. जानेवारीच्या परीक्षेला साधारण चौदा आठवडे आहेत. त्यातले तीन पाचव्या सत्राच्या परीक्षेत जातील. उरलेल्या अकरा आठवड्यांत आठवड्याचे सहा दिवस, रोज सहा तास धरले तर चारशेच्या आसपास तास होतात. एकदा वाचलेल्या विषयाची दोनदा उजळणी आणि तीन-तीन तासांचे पूर्ण पेपर सोडवणं, याला माझ्या अनुभवात विषयामागे शंभर तास लागतात. म्हणजे पहिल्या ग्रुपच्या तीन विषयांतच तीनशे तास जातात. उरलेल्या शंभरात अर्धं कॉस्टिंग, ऑडिट आणि शून्यापासून एफएम बसत नाही.

म्हणून जानेवारीत फक्त पहिला ग्रुप दे आणि दुसरा मे महिन्यात. इंटरची परीक्षा आता वर्षातून तीनदा होते, त्यामुळे वर्ष वाया जात नाही. दोन्ही ग्रुप एकत्र दिले की एकातले जास्तीचे गुण दुसऱ्याला सावरतात, असं क्लासमध्ये ऐकलं असशील. ते खरं आहे, पण त्यालाही प्रत्येक पेपरात किमान ४० लागतात, आणि न वाचलेल्या एफएमला तेच मिळणार नाहीत. पहिल्या ग्रुपात प्रत्येकी ४० आणि ग्रुपची सरासरी ५० पडली की तो कायमचा सुटला. समजा ग्रुप गेला, पण एखाद्या विषयात ६० मिळाले, तर त्या विषयाची नेहमीच्या अटींवरची सूट पुढच्या तीनच परीक्षांपुरती असते. वर्षाला तीन परीक्षा म्हटल्यावर ती वर्षभरात संपते. म्हणून अर्धवट सूट साठवत बसण्यापेक्षा एक ग्रुप पुरता बाहेर काढणं बरं.

इंटरला पहिली जागा देण्याचं आणखी एक कारण आहे. दोन्ही ग्रुप सुटल्याशिवाय सीएच्या हाताखालची दोन वर्षांची आर्टिकलशिप सुरू होत नाही, म्हणजे तुझी पुढची दोन वर्षं या एका दारात उभी आहेत. जर्मनच्या किंवा राज्यसेवेच्या मागे असं काही खोळंबलेलं नाही.

टायपिंग मात्र थांबवू नकोस. २५ वरून ३० हे अंतर थोडं आहे, पण आता बोटं थांबली तर महिनाभरात वेग खाली येईल आणि पुन्हा तीच फी, तोच सराव. रोज अर्धा तास पुरे. बहुतेकांचा वेग जोडाक्षरांवर अडतो. ज्या शब्दावर बोट थबकतं तो वेगळ्या कागदावर लिही आणि दुसऱ्या दिवशी सुरुवातीला तेवढेच शब्द वीस-वीसदा मार. प्रमाणपत्र एकदा हातात आलं की ते शिळं होत नाही.

जर्मन आत्ता थांबव, कारण तू योग्य जागी उभी आहेस. ए-२ चा एक भाग संपला आहे आणि दुसऱ्याचे पैसे गुंतलेले नाहीत. पुढच्या बॅचमध्ये शिरून डिसेंबरात मध्येच बाहेर पडलीस तर ना धड शिकणं होईल ना परीक्षा. बंद करण्याआधी मात्र एक संध्याकाळ दे. वहीच्या शेवटच्या पानावर कुठला धडा झाला, पर्फेक्टमध्ये ‘झाइन’ लागणारी कोणती क्रियापदं अजून चुकतात, डाटिवचं कुठे अडतं, ते लिहून ठेव. मे महिन्यानंतर वही उघडशील तेव्हा सुरुवात कुठून करायची ते शोधत आठवडा जाणार नाही.

राज्यसेवेची टिपणं आजपासून बंद. मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली आहे, तिला लेखनाचा लांब सराव लागतो, आणि तू आज काढलेल्या चालू घडामोडी तू परीक्षेला बसेपर्यंत जुन्या झालेल्या असतील. रोजचा हा तास थेट पहिल्या ग्रुपला दे. राज्यघटनेवर काही वाचून झालं असेल तर तेवढं जपून ठेव, ते टिकतं.

हा हिशोब चुकतोय का, हे डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात कळेल. तोवर तिन्ही विषयांचा एकेक पूर्ण पेपर घड्याळ लावून सोडव आणि कुणा सीनिअरकडून तपासून घे. सरासरी ५० च्या खाली आली तर पुढचे पंधरा दिवस टायपिंगलाही सुट्टी दे. आणि हो, दोन्ही ग्रुप जानेवारीत देणार असं घरी सांगितलं असशील, तर फॉर्म भरायच्या आधी हा बदल त्यांच्या कानावर घाल.