पेमेंट अडकलंय: गोडीत मागायचं की नोटीस काढायची?

प्रश्न: वागळे इस्टेटला आमचं छोटं शीट मेटलचं युनिट आहे. महापेच्या एका कंपनीकडे ३,५४,००० रुपयांचं बिल अडकलंय. बिल १२ मेचं, क्रेडिट ४५ दिवसांचं, आता ऑक्टोबर उजाडला. फोन केला की "पुढच्या आठवड्यात होईल" एवढंच ऐकायला मिळतं. पार्टी जुनी आहे, तोडायची नाही. गोडीत पण ठामपणे मेल करू, की सरळ नोटिशीच्या भाषेत लिहू?

उत्तर:

आधी गोडीतला ठाम मेल करा आणि नोटीस त्याच्या मागून काढा. मी वागळे आणि रबाळेतल्या छोट्या युनिट्सची खाती बघते, त्यात वसुलीची पत्रंही माझ्याकडेच येतात. संबंध टिकावेत एवढ्याचसाठी मी हा क्रम सांगत नाही. नोटीस गेली की तुमची फाइल अकाउंट्सच्या टेबलावरून उठून मालकाकडे किंवा त्याच्या वकिलाकडे जाते, आणि तिथून येणाऱ्या उत्तरात हमखास काहीतरी तक्रार असते. माल रिजेक्ट झाला होता, भोकांचं माप चुकलं होतं, डिलिव्हरी उशिरा आली. मे महिन्यात यातलं अक्षरही कोणी काढलेलं नसतं. म्हणून फाइल अकाउंट्सवाल्याकडे आहे तोवरच त्याच्याकडून "माल मिळाला, रक्कम बरोबर आहे" हे लेखी घेऊन ठेवायचं. ते काम गोडीतल्या मेलनेच होतं. धमकीच्या मेलला कोणी अशी कबुली देत नाही.

मेल साधारण असा लिहा:

"आपल्या पीओप्रमाणे १२ मे रोजी माल पोचवला, चलनावर आपल्या स्टोअर्सचा शिक्का आहे. ४५ दिवसांची मुदत २६ जूनला संपली. आमच्या खात्यावर आपल्याकडून रु. ३,५४,००० येणे दिसते. आपल्या लेजरमध्येही हीच रक्कम आहे का, ते कृपया कळवावे. फरक असल्यास कोणत्या एन्ट्रीमुळे आहे तेही लिहावे. पेमेंट कोणत्या तारखेला जमा होईल हे १० ऑक्टोबरपर्यंत कळवावे."

सोबत पीओ, शिक्क्याचं चलन, बिल आणि तुमच्या लेजरचा उतारा जोडा. यात कुठेही "त्रासाबद्दल क्षमस्व" नाही, आणि "पगार द्यायचेत, अडचण आहे" असंही नाही. तुमची अडचण त्यांच्यासाठी पैसे देण्याचं कारण होत नाही. शिवाय ती सांगितली की बोलणं तुमच्या परिस्थितीवर जातं आणि त्यांच्या देण्यावरून हटतं. मेलमध्ये मुख्य प्रश्न लेजरचा ठेवला आहे, कारण "पेमेंट कधी?" याचं उत्तर टाळणं सोपं असतं, पण लेजर जुळवून देणं हे अकाउंट्सवाल्याचं रोजचंच काम आहे. तो उघडतो, बघतो आणि "बरोबर आहे, साहेबांच्या सहीसाठी थांबलंय" असं लिहून टाकतो. ही एक ओळ मला त्या टप्प्यावर तारखेपेक्षा जास्त मोलाची वाटते. सही-शिक्क्याचं बॅलन्स कन्फर्मेशन मिळालं तर आणखी चांगलं.

उधारीच्या दाव्याची मुदत साधारण तीन वर्षांची असते, आणि त्या मुदतीच्या आत सही असलेली लेखी कबुली मिळाली तर त्या तारखेपासून मुदत नव्याने मोजली जाते. फोनवरच्या "होईल होईल"ने ती एका दिवसानेही वाढत नाही. त्यामुळे प्रत्येक फोननंतर दोन ओळींचा मेल टाकत जा: "आत्ता बोलणं झाल्याप्रमाणे आपण १५ तारीख सांगितली आहे."

या मेलमध्ये एक गोष्ट न रागावता घालता येते, आणि तुमच्या बाबतीत तिची वेळ अगदी जवळ आली आहे. जीएसटीच्या नियमाप्रमाणे बिलाच्या तारखेपासून १८० दिवसांत पुरवठादाराला पैसे दिले नाहीत, तर घेणाऱ्याला त्या बिलावर घेतलेलं इनपुट क्रेडिट व्याजासह परत करावं लागतं. पैसे दिल्यावर ते पुन्हा घेता येतं, पण मधल्या काळात तेवढी रक्कम अडकते. तुमच्या बिलात माल ३,००,००० चा आणि १८ टक्क्यांनी कर ५४,००० चा धरला, तर १२ मेपासून १८० दिवस ८ नोव्हेंबरला भरतात. "८ नोव्हेंबरला १८० दिवस होत आहेत, आपलं क्रेडिट परत करावं लागू नये म्हणून त्याआधी पेमेंट झालेलं बरं" असं लिहिलं की त्यात धमकी राहत नाही. अकाउंट्सवाल्याला हाच मेल पुढे करून साहेबांकडे सही मागता येते. अनेकदा त्याला पैसे द्यायचेच असतात, फक्त वर दाखवायला कारण हवं असतं. त्यात दिवाळीच्या तोंडावर बऱ्याच कंपन्या देणी निकाली काढतात, त्या यादीत तुमचं नाव जाण्यासाठी हा मेल याच आठवड्यात गेला पाहिजे.

आता नोटिशीची भाषा कधी? मी महिने मोजत नाही. त्याच माणसाने लेखी दिलेल्या दोन तारखा पाठोपाठ मोडल्या, किंवा लेजरच्या साध्या प्रश्नाला दोन आठवडे उत्तरच आलं नाही, की मी सूर बदलते. तिसरी खूण म्हणजे इतक्या महिन्यांनी अचानक क्वालिटीची तक्रार निघणं. ही तक्रार दिसली की गोडीत आणखी एक मेल लिहीत बसू नका, कारण आता समोरचा कागद तयार करायला लागला आहे.

तुमचं युनिट उद्यम नोंदणीत सूक्ष्म किंवा लघु उत्पादक म्हणून असेल, तर या तक्रारीला उत्तर एमएसएमईडी कायद्यातच आहे. माल मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत घेतली नाही, तर माल पोचल्याच्या दिवशीच तो स्वीकारला असं धरलं जातं. १२ मेला माल पोचला, २७ मेपर्यंत काही आलं नाही, मग ऑक्टोबरमध्ये निघालेल्या रिजेक्शन नोटचा जोर फार उरत नाही. याच कायद्याच्या कलम १५ प्रमाणे ठरलेली मुदत ४५ दिवसांच्या पुढे नेता येत नाही, पीओवर ९० दिवस छापलेले असले तरी. आणि कलम १६ प्रमाणे मुदतीनंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दर महिन्याला चक्रवाढ व्याज लागतं. बँक रेट पावणेसहा टक्के धरला तर वर्षाला सव्वासतरा टक्के होतात. तुमच्या रकमेवर ते पहिल्या महिन्याला पाच हजारांच्या थोडं वर जातं.

नोटीस परचेसच्या ओळखीच्या माणसाला पाठवू नका. ती कंपनीच्या नोंदणीकृत पत्त्यावर, संचालकांच्या नावे, स्पीड पोस्टने पोचपावतीसह जाते आणि मेलवरही जाते. तिच्यात विशेषणं नकोत. पीओ, चलन, बिल, मुदत संपल्याची तारीख, त्यांनी ज्या मेलमध्ये रक्कम मान्य केली त्याची तारीख, मोडलेल्या दोन्ही तारखा, आणि मग एवढंच:

"सबब, मूळ रक्कम रु. ३,५४,००० व २७ जूनपासून प्रत्यक्ष भरण्याच्या दिवसापर्यंत कलम १६ प्रमाणे होणारे व्याज, हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत आमच्या खात्यावर जमा करावे. अन्यथा आम्ही सूक्ष्म व लघु उपक्रम सुविधा परिषदेकडे अर्ज दाखल करू."

परिणाम एकच लिहायचा, आणि तो तुम्ही खरोखर करणार असाल तरच. पोलीस, "मार्केटमध्ये सांगू", सोशल मीडिया हे शब्द तिथे आले की पत्राचं वजन जातं, वर त्यांनाच तुमच्याविरुद्ध तक्रारीला जागा मिळते. पैसे थकवणं हा बहुतेक वेळा दिवाणी वाद असतो. परिषदेचा धाक मात्र खरा आहे. तिथे आधी समेटाचा प्रयत्न होतो, तो फसला तर लवाद होतो, आणि निवाडा त्यांच्याविरुद्ध गेला तर त्याला आव्हान द्यायला त्यांना रकमेच्या ७५ टक्के आधी भरावे लागतात. कायद्यात निकालासाठी ९० दिवस लिहिलेत, प्रत्यक्षात बराच जास्त वेळ जातो, तेवढी मनाची तयारी ठेवा.

जुन्या पार्टीची काळजी असेल तर तिच्यासाठी जागा व्याजात असते. नोटिशीत व्याज पूर्ण मागायचं. मग त्यांचा फोन आला की "मूळ रक्कम ३१ तारखेपर्यंत एकरकमी आली तर व्याजाचा आग्रह धरणार नाही" असं म्हणता येतं, आणि तेही लगेच मेलवर घालायचं. व्याज आधीच सोडून दिलं, तर बोलणी मुद्दलावर सुरू होतात. मग "दोन लाखांत मिटवा" असं कोणीतरी सुचवतंच.

त्यांनी मध्येच लाखभर पाठवले तर घ्या. त्याच दिवशी मेल करा की ही रक्कम खात्यावर जमा धरली आहे, उरलेली बाकी इतकी, आणि ती मान्य असल्याचं कळवावं. "फुल अँड फायनल" छापलेल्या कुठल्याही व्हाउचरवर सही करू नका.

नोटीस काढण्याआधी उद्यम सर्टिफिकेटवरची तारीख नक्की बघा. नोंदणी १२ मेनंतरची असेल, तर त्याआधी पोचवलेल्या मालासाठी कलम १५-१६ चा आधार मिळण्यात अडचण येते, सुप्रीम कोर्टाने २०२१ मध्ये तसा आधार मिळत नाही असं म्हटलं होतं. तेव्हा पत्रातून ही कलमं आणि परिषदेचं नाव काढा, त्याऐवजी दिवाणी दाव्याचा उल्लेख करा आणि "या पत्राच्या तारखेपासून व्याज मागितले जाईल" हे स्पष्ट लिहा. व्याजाचा दर आधी ठरलेला नसेल, तर १९७८ च्या व्याज कायद्याखाली अशा लेखी मागणीची तारीखच व्याजाची सुरुवात म्हणून उपयोगी पडते.

आणि त्यांनी चेक दिला असेल व तो परत आला असेल, तर वरचा गोडीचा टप्पा सोडून द्या. बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या कलम १३८ ची नोटीस गेली पाहिजे. "पुन्हा टाका, या वेळी नक्की पास होईल" या शब्दावर थांबलात आणि ते ३० दिवस उलटले, तर त्या रिटर्नवरून नोटीस काढता येत नाही. चेकची वैधता उरली असेल तर तो पुन्हा भरून, नव्या रिटर्न मेमोपासूनच मोजणी सुरू करावी लागते.