कोलायटिसमध्ये आतडं फुगलं तर ऑपरेशनची इतकी घाई का?

भावाला अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याला सूज येऊन व्रण पडण्याचा आजार आहे. दिवसाला दहा-बारा वेळा रक्ताचे जुलाब, ताप, पोट फुगलंय. शिरेतून स्टिरॉइड देऊन तीन दिवस झाले, आता सर्जन मोठं आतडं काढायचं म्हणतात. थोडं थांबता येणार नाही का?

थांबण्याची मुदत इथे दिवसांत नाही, तासांत मोजतात. पोटाच्या साध्या एक्स-रेत मोठ्या आतड्याचा आडवा भाग ६ सेंमीपेक्षा रुंद दिसला आणि सोबत ताप, जलद नाडी असेल, तर त्याला टॉक्सिक मेगाकोलन म्हणतात. सूज स्नायूंच्या थरापर्यंत गेल्याने आतडं आकुंचन पावत नाही, भिंत ताणून पातळ होते. ती फुटण्याआधी ऑपरेशन करणं कितीतरी सुरक्षित असतं.

एक फसवी गोष्ट: जुलाब अचानक कमी झाले आणि पोट मात्र वाढलं, तर तो आराम नव्हे, आतडं ठप्प झालंय. शिवाय स्टिरॉइडमुळे आतडं फुटल्याच्या वेदनाही दबतात. जुलाब थांबवणारं लोपेरामाइड अजिबात नको.

तिसऱ्या दिवशीही आठपेक्षा जास्त जुलाब असतील, तर स्टिरॉइड बहुधा पुरे पडत नाही. आतडं फुगलेलं नसेल तर इन्फ्लिक्सिमॅब किंवा सायक्लोस्पोरिन ही प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं देऊन पाहतात. फुगलेलं असेल आणि २४ ते ७२ तासांत उतरलं नाही, तर ऑपरेशन. आतडं फुटलं किंवा रक्तस्राव थांबेना, तर लगेच.

यात गुदाशय ठेवून बाकीचं मोठं आतडं काढतात आणि लहान आतड्याचं टोक पोटावर बाहेर काढून तिथे शौचासाठी पिशवी लावतात, याला इलिओस्टॉमी म्हणतात. पुढे काही महिन्यांनी लहान आतड्याचा पाऊच, म्हणजे शौच साठवणारी आतली थैली करून पिशवी बहुतेकदा काढता येते. सी. डिफिसिल जंतूसाठी शौचाची तपासणी झालीय का, तेवढं आजच विचारा.